तुळशीच्या लग्नापर्यंत दहा किलो

प्रिय मावशी,
मी मालवण तालुक्यातली. वय २६, पतसंस्थेत नोकरी, उंची १५६ सेंमी, वजन ६७. गणपतीला गावी आलेल्या डोंबिवलीच्या चाकरमानी घरातून स्थळ आलं. पोहे झाले, मुलगा आणि मी पडवीत पंधरा मिनिटं बोललो, मला तो आवडला. गौरी गेल्यावर मध्यस्थ काकांचा निरोप आला : ‘चेडू बरा आसा, पण अंगान भारी. तुळशीच्या लग्नापर्यंत दहा किलो उतरवा, मग साखरपुडा. नाही जमलं तर हॉलचा खर्च तुमच्याकडे.’ आईने रात्रीचा भात बंद केला. आत्या एक पावडर विकते. सकाळ-रात्र तिचा शेक, दुपारी दोन भाकऱ्या आणि भाजी. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले, आता काटा हलत नाही. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पाळी आधीही दीड-दोन महिन्यांनी यायची. माझ्या ताईचं उलटं. ती २९ वर्षांची, १५२ सेंमी, ४१ किलो. ‘नुसती हाडां दिसतत, पोरां होतली काय?’ म्हणून दोन स्थळं गेली. तिला कोणीतरी सुट्ट्या गोळ्या आणून दिल्यात. चार महिने घेतेय, गाल भरलेत. बाबा गप्प असतात. काय करू?

बाय गो,

आधी हिशेब करू, कारण तुझ्या घरात सगळे काट्याकडे बघताहेत आणि वही कोणी काढलेली नाही. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. दहा किलोंच्या झाल्या ७७,०००. गौरी गेल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत साधारण ६० दिवस, म्हणजे रोज जवळजवळ १,३०० कॅलरींची तूट हवी. तुझ्या वयाच्या, उंचीच्या आणि खुर्चीवर बसून काम करणाऱ्या बाईला दिवसाला १,८००च्या आसपास लागतात. उरल्या ५००. आत्ता तू दोन शेक, दोन भाकऱ्या आणि भाजीवर जगतेस ते सातशे-साडेसातशे होतं, आणि तेवढ्यावरच तुला अंधारी येते. म्हणजे उपाशी राहूनसुद्धा ही अट पुरी होत नाही! आठशे कॅलरींच्या खालचा आहार डॉक्टरसुद्धा फक्त देखरेखीखाली, रक्त तपासत देतात. आत्याच्या डब्यावर तो चालवायचा नसतो.

मग ते पहिले दोन किलो कुठून गेले? बहुतेक पाणीच. खाणं एकदम कमी केलं की शरीर यकृतातली आणि स्नायूंतली साठवलेली साखर वापरतं आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेलं पाणी सोडतं. म्हणून पहिला आठवडा सगळ्यांनाच चमत्कार वाटतो आणि पावडर विकणाऱ्यांचा धंदाही त्याच आठवड्यावर चालतो. पुढे अशा उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात, पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते आणि दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येऊ लागतात. म्हणजे नेमके लग्नाच्या हळदीला. शेक आजच बंद कर. आत्याला वाईट वाटेल, वाटू दे.

आता तुला न आवडणारी गोष्ट. तुझं वजन डॉक्टरच्या दृष्टीनेही थोडं जास्तच आहे. उंची-वजनाच्या गणिताने तुझा आकडा २७.५ येतो. आपल्याकडे २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात. परदेशात हाच टप्पा ३०ला येतो, पण आपल्या लोकांना साखरेचा आजार कमी वजनातच गाठतो, म्हणून मोजपट्टी कडक ठेवली आहे. मुलाकडच्यांनी तुला पाहिलं तेव्हा हे त्यांच्या डोक्यात नव्हतं, हे मला माहीत आहे. पण त्यांचं बोलणं चुकीचं म्हणून तुझी तब्येत ठीक असं होत नाही. मला काळजी वाटते ती दीड-दोन महिन्यांनी येणाऱ्या पाळीची. पस्तीस दिवसांच्या पुढे पाळी सतत जात असेल, वजन पोटावर चढत असेल, हनुवटीवर राठ केस किंवा मानेवर काळपटपणा असेल, तर पीसीओएस किंवा थायरॉइड असू शकतं. अशा मुलीला कितीही बोललं तरी वजन बोलण्याने उतरत नाही, कारण कारण वेगळंच असतं. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर, आणि घरच्या टेपने कंबर मोज. ८० सेंमीच्या वर असेल तर तेही सांग.

पीसीओएस निघालं तर एक आकडा लक्षात ठेव : वजनाच्या पाच टक्के. तुझ्या बाबतीत साडेतीन किलोच्या आतबाहेर. बऱ्याच मुलींची पाळी एवढ्यावरच रुळावर येऊ लागते. त्याला मुदत चार-सहा महिन्यांची, तुळशीच्या लग्नाची नाही. भाताला शत्रू मानू नकोस. शिजलेल्या भाताची एक वाटी पावणेदोनशे कॅलरींची. पतसंस्थेत दिवसभरात पाच चहा होत असतील आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, तर तेवढ्याच कॅलरी तू कपातून पितेस आणि आईला त्या दिसत नाहीत. रात्री भात दीड वाटी ठेव, शेजारी कुळथाची पिठी किंवा बांगड्याचं तिखलं, आणि भाजी भातापेक्षा जास्त. तळलेले गरे आणि फरसाण यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, तुला कळतं. जेवणानंतर समुद्राच्या बाजूने अर्धा तास चाल.

आता स्थळ. तुझ्या पत्रातली मला खटकलेली ओळ दहा किलोंची नाही, हॉलची आहे. वजन खरंच अडचण असती तर त्यांनी नकार दिला असता. न जमल्यास पैसे द्या, असं कोणी म्हटलं की वजन हे फक्त भाव पाडायचं निमित्त असतं. आज अंग भारी, उद्या रंग, परवा दागिने. हॉलचा खर्च कायद्याने हुंडा ठरतो की नाही यावर वकील वाद घालतील, पण १९६१च्या हुंडाबंदी कायद्यात हुंड्याची नुसती मागणीसुद्धा गुन्हा आहे. मध्यस्थ काकांना सांग, जे असेल ते व्हॉट्सअॅपवर लिहून द्या. लिहायला सांगितलं की अर्ध्या अटी आपोआप गळतात.

आणि हे मध्यस्थ निरोप जसाच्या तसा आणतात असं समजू नकोस. मुलाकडच्या एखाद्या काकूने जेवताना ‘पोरगी जरा भरलेली आहे’ म्हटलेलं असतं आणि ते गावात पोचेपर्यंत त्याची अट झालेली असते. उलटही होतं : घरातले स्पष्ट बोललेले असतात आणि काका ते गोड करून सांगतात. म्हणून मुलाला तू स्वतः फोन कर. त्याच्या आईला नाही, त्याला. ‘दहा किलोंचा निरोप आला. हे तुमचं म्हणणं आहे का?’ एवढंच विचार आणि गप्प बस. पुढचं वाक्य त्याला बोलू दे.

तो ‘मला काहीच माहीत नाही’ म्हणाला, तर ‘मग तुमच्या घरी हे तुम्हीच मिटवा आणि मला कळवा’ असं सांग आणि आठ दिवस वाट बघ. कळवलं तर माणूस लग्नानंतरही बोलेल. ‘आई म्हणते म्हणून’ असं आलं, तर थांब. लग्नानंतर तुझ्या ताटातल्या भाताची वाटी हीच आई मोजणार आणि हाच मुलगा तेव्हाही समोर बसलेला असणार. आणि ‘हो, मलाही बारीकच हवी’ म्हणाला, तर निदान खरं बोलला. त्याला आवड असू शकते. तुझ्यावर ती पुरी करायचं बंधन नाही, आणि बाळंतपणानंतर हाच प्रश्न पुन्हा येणार हेही धरून चल. तुला तो आवडला आहे, म्हणून त्याचं उत्तर ऐकताना सोयीचं तेवढंच ऐकू येईल. बोलणं झालं की त्याचे शब्द लगेच कागदावर लिहून ठेव.

पुढचं स्थळ बघायची वेळ आली, तर बायोडेटासोबत आत्ताचा, उभा, पूर्ण फोटो दे. अॅपने गुळगुळीत केलेला नको, कॉलेजातला नको. ज्यांना अंगावरून नाकारायचं असेल ते तिथेच नाकारतील आणि तुमच्या घरचे पोहे वाचतील.

आईवर चिडू नकोस. थोरलीची दोन स्थळं अंगावरून गेल्यावर तिने धाकटीचा भात काढून घेतला. ती घाबरलेली आहे. वरचा ६० दिवसांचा हिशेब तिच्यासमोर मांड, आणि डॉक्टरकडे जाताना तिलाच बरोबर ने. तुझ्या तोंडून ऐकलं तर वाद होईल, डॉक्टरकडून ऐकलं तर ती बाबांनाही सांगेल. बाबांनी मात्र एक काम करायचं : हॉलबद्दलचं उत्तर मध्यस्थ काकांना त्यांच्या तोंडून गेलं पाहिजे. गप्प बसण्याचा अर्थ तिकडे होकार असा घेतात.

तुझ्या ताईचं प्रकरण मला तुझ्यापेक्षा जास्त घाईचं वाटतं. अंग भरायला म्हणून सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बऱ्याचदा भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडिन आणि डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड असतं. गाल भरले म्हणजे अंग भरलं असं नाही. स्टिरॉइडने चेहऱ्यावर सूज आणि चरबी चढते, हातपाय काडीसारखेच राहतात. साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. पण तुला शेक आजच बंद करायला सांगितला, तशा या गोळ्या अचानक बंद करू नका. चार महिने बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि एकदम तोडलं तर उलट्या, चक्कर, रक्तदाब एकदम खाली जाणं असं जिवावरचं होऊ शकतं. उरलेल्या गोळ्या पुडीसकट डॉक्टरला दाखवा, ते हळूहळू कमी करून देतील.

तिचं वजन तिच्या उंचीला कमी आहे हे खरं : आकडा १७.७, हवा १८.५च्या वर. वजन पहिल्यापासून एवढंच असेल, भूक चांगली असेल आणि पाळी वेळेवर येत असेल, तर ‘पोरां होतली काय’ हा प्रश्न विचारणाऱ्यांच्याच डोक्यातला. वजन अलीकडे उतरलं असेल, खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल, छातीत धडधड होत असेल, तर क्षय आणि वाढलेलं थायरॉइड तपासायलाच हवं. हिमोग्लोबिन बाईचं १२च्या वर लागतं, तिचं बघून घ्या.

दोघी एकाच दिवशी जा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग सकाळी असतो, लवकर पोचा. रक्त उपाशीपोटी द्यायचं असल्याने डब्यात भाकरी-भाजी घेऊन जा, नमुना दिला की तिथेच खा. ताईची पुडी घ्यायला विसरू नका.

तुझी,
मावशी