ड्रिप कॉफी मशीन: काचेचा जग की थर्मल?

प्रश्न: ड्रिप मशीन घ्यायचंय. हॉट प्लेटवर ठेवलेली कॉफी थोड्या वेळाने कडवट का लागते? काचेचा जग घ्यावा की थर्मल?

केलेली कॉफी वीसेक मिनिटांत संपत असेल तर काचेचा जग खुशाल घ्या. तासभर रेंगाळत असेल तर थर्मलच.

बऱ्याच साध्या मशीनमध्ये हीटिंग एलिमेंट एकच असतं, घोड्याच्या नालेसारखं वाकवलेलं आणि प्लेटला खालून चिकटलेलं. तेच पाणी तापवून वर ढकलतं आणि टाकी रिकामी झाली की प्लेट तापवत बसतं. थर्मोस्टॅट त्याला चालू-बंद करत राहतो, पण जगात लिटरभर कॉफी आहे की तळाशी कपभर उरली आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून शेवटचा कप सगळ्यात वाईट लागतो.

गरम राहिलेल्या कॉफीत क्लोरोजेनिक आम्लं फुटतात, क्विनिक आम्ल वाढतं आणि जिभेवर तुरट-आंबट चव रेंगाळते. सुगंध उडून जातो, पाणी आटतं. तळाशी तपकिरी कडं धरलेलं दिसलं की समजा कॉफी करपायला लागली.

थर्मल जगात खालून आच नसते, दोन पत्र्यांमधल्या निर्वात पोकळीमुळे उष्णता आत टिकते. चव तिथेही हळूहळू उतरतेच, पण करपत नाही. मात्र थंड स्टील सुरुवातीलाच बरीच उष्णता खातं. मशीन सुरू करण्याआधी जगात कडक गरम पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्या. मोठ्या जगात दोनच कप करणार असाल तर हे करायलाच हवं, नाहीतर कॉफी कोमटच मिळेल. कॉफी उतरली की जग हलक्या हाताने फिरवा, कारण आधी पडलेली कॉफी दाट असते आणि शेवटची पातळ. काचेच्या जगातही हे करावं.

थर्मलची खरी कटकट म्हणजे धुणं. तोंड अरुंद असेल तर हात आत जात नाही आणि कॉफीचं तेल भिंतींना चिकटून पुढच्या खेपेला खवट वास येतो. त्यामुळे मी तर आधी तोंडाची रुंदीच बघतो. नवा जग आणल्यावर त्यात उकळतं पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. अंग सगळीकडे गरम लागलं तर निर्वात पोकळी गेलेली आहे, जग परत करा.

काचेचंच मशीन पसंत पडलं असेल तर कॉफी उतरताच बटण बंद करून ती घरच्या थर्मॉसमध्ये ओतली तरी काम होतं. ‘ऑटो ऑफ’ बघून भुलू नका. ते बऱ्याचदा दोन तासांनी होतं, तोवर कॉफीचा निकाल लागलेला असतो.