खांदा उचलू नका, फोटो फिरवा

प्रश्न: आजोबांचा फोटो फ्रेमसाठी करतोय. मान जराशी कललेली आहे, त्याच बाजूचा खांदाही खाली. लिक्विफायने खांदा वर ढकलला तर सदऱ्याच्या चौकटी वाकड्या झाल्या. दुसरा मार्ग आहे का?

आहे. लिक्विफाय ढकललेली जागा ताणतं आणि शेजारची दाबतं, म्हणून चौकटी लगेच चुगली करतात. चेहऱ्यावर तर जबड्याचा आकारच बदलतो आणि घरच्यांना "हे आपले आजोबा वाटत नाहीत" असं होतं, कारण मात्र सांगता येत नाही. फिरवल्यावर डोळे, नाक, हनुवटी यांची आपसातली अंतरं तशीच राहतात.

नाशकात रविवार कारंज्याजवळ मी फोटोचं काम करतो. मागे निफाडच्या एका बागायतदारांचा असाच फोटो आला होता. फोटोशॉपमध्ये रूलर टूलने एका बुबुळापासून दुसऱ्यापर्यंत रेघ ओढली. २०० पिक्सेलच्या अंतरात डावीकडचं बुबुळ ९ पिक्सेल खाली होतं, म्हणजे साधारण २.६ अंश. खांद्यांची रेघ ४ अंश कललेली. लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट केला, `Ctrl+T` दाबून कोनाच्या चौकोनात `2.6` लिहिलं (घड्याळाच्या दिशेने), झालं. खांद्यात १.४ अंश फरक उरला, तो मी मुद्दाम ठेवला. माणसाचे खांदे सहसा अगदी समान नसतातच. पूर्ण ४ अंश फिरवले असते, तर मान उलट बाजूला कलली असती.

मात्र डोळ्यांवर एकट्यावर विसंबू नका. काहींचा एक डोळा मुळातच किंचित खाली असतो. भुवयांच्या मधून हनुवटीच्या मध्यापर्यंत दुसरी रेघ ओढून बघा. दोन्ही कोन जुळले नाहीत, तर मी या उभ्या रेघेचं ऐकतो.

फिरवल्यावर कोपऱ्यांत मोकळ्या पाचरी दिसतात, म्हणून क्रॉप शेवटी करा. मागे दाराची चौकट असेल तर तीही तिरकी होईल. तेव्हा आधी माणूस वेगळा कापून घ्यावा लागतो आणि त्याच्यामागची मोकळी झालेली जागा भरावी लागते.

खरी पंचाईत मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे असला की होते. तिथे मी आधी खांद्यांपुरतं सगळं फिरवतो, मग डोकं आणि मान वेगळ्या लेयरवर घेऊन फिरण्याचा बिंदू गळ्याच्या खळगीत ठेवतो. मास्कची कड कॉलरच्या आत लपवतो. ३ अंशांच्या पुढे गेलं की मानेच्या एका बाजूची कातडी कमी पडते आणि जोड दिसतो. मग तो कल तसाच राहू द्यावा.

आणि एक कान जास्त, दुसरा कमी दिसत असेल, तर चेहरा कललेला नाही, वळलेला आहे. तिथे फिरवून उपयोग नाही.

तुमच्या फोटोत मान आणि खांदा एकाच बाजूला आहेत, म्हणजे एकदा फिरवून भागेल. लिक्विफाय केलेली प्रत बाजूला ठेवा, मूळ स्कॅनवरून सुरुवात करा.