होल्ड पॉइंटला ‘धारण बिंदू’ नको, विटनेसला ‘साक्षी’ तर मुळीच नको

प्रश्न: नागपूरच्या हिंगणा रोडवर गोदामाच्या स्लॅबचं काम आहे. सळई आणि काँक्रीटच्या आयटीपीची, म्हणजे कोणती तपासणी कधी आणि कुणासमोर करायची त्या तक्त्याची, मराठी प्रत करतोय. होल्ड पॉइंटला ‘धारण बिंदू’ आणि विटनेस पॉइंटला ‘साक्षी बिंदू’ लिहिलं, पण फोरमन म्हणतो दोन्हींचा अर्थ एकच वाटतो. योग्य शब्द कोणते?

फोरमनचं म्हणणं ऐका. एकच काय, ‘साक्षी’ने अर्थ उलटाच होतो.

आधी ‘धारण’ पाहू. बांधकामावर हा शब्द आधीच कामाला लागलेला आहे. मातीची धारणक्षमता असते, धारक भिंत असते. त्यामुळे ‘धारण बिंदू’ वाचणाऱ्याला वाटेल की इथे भार येतो. इंग्रजी होल्डमधला इथला अर्थ पेलण्याचा नाही, रोखण्याचा आहे. ‘बिंदू’ही भूमितीतला. कामाच्या ओघात जिथे थांबून पाहायचं, त्याला आपण सरळ ‘टप्पा’ म्हणतो.

‘साक्षी’ची अडचण जास्त खोल आहे. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या नसतील तर ते कायद्याने अपुरं राहतं. म्हणजे मराठी माणसाच्या डोक्यात साक्षीदार हा असा माणूस आहे की जो नसेल तर काम पक्कं होत नाही. विटनेस पॉइंटमध्ये नेमकं याच्या उलट असतं. तुम्ही ठरलेल्या मुदतीत कळवायचं, वेळ झाली की तपासणी करायची. समोरचा आला तर त्याच्यासमोर, नाही आला तर त्याच्याविना. नोंद करायची आणि पुढे जायचं. आयटीपीतला विटनेस हा न येण्याची मुभा असलेला साक्षीदार आहे, आणि ‘साक्षी’ या शब्दात ती मुभा मावत नाही.

खरा फरक मौनात आहे. होल्डवर सल्लागाराकडून काहीच उत्तर आलं नाही, तर त्याचा अर्थ ‘नाही’. विटनेसवर उत्तर आलं नाही, तर त्याचा अर्थ ‘चालू द्या’. मराठी शब्द निवडताना हीच एक कसोटी लावा: समोरचा गप्प बसला तर काय करायचं, हे शब्दावरून कळतं का?

होल्डसाठी लेखी प्रतीत ‘मंजुरी-टप्पा’ लिहा. बोलताना ‘नाका’ म्हणा. जुन्या चुंगी नाक्यावर पावती फाटल्याशिवाय गाडी पुढे जात नसे, आणि नाक्यावर माणूस नसला तर गाडी उभी राही. तोच हा अर्थ, आणि हिंदी बोलणाऱ्या सेंट्रिंगवाल्यालाही तो समजावून सांगावा लागत नाही. ‘थांबा’ मात्र टाळा. बस थांब्यावर थांबते आणि कुणाला न विचारता निघते.

विटनेससाठी मराठीतला सगळ्यात नेमका शब्द ‘वर्दी’ होता. वर्दी द्यायची, म्हणजे कळवायचं. येणं न येणं त्याच्याकडे. पण नागपुरात ‘वर्दी’ म्हटलं की हिंदीतली खाकी वर्दी आठवते, त्यामुळे तो इथे चालणार नाही. नुसत्या ‘सूचना’ने आदेशाचाही अर्थ निघतो. म्हणून ‘पूर्वसूचना-टप्पा’. शब्द लांब आहे, पण त्यातून दुसरा अर्थ निघत नाही.

आता हे शब्द तुमच्या तक्त्यात बसवून पाहू. समजा स्लॅब १५० मिमी जाडीचा आहे, बीमसकट ३६ घनमीटर काँक्रीट, एम२५, ट्रान्झिट मिक्सरच्या सहा गाड्या. मे महिना असल्यामुळे शुक्रवारी पहाटे ५ ला काम सुरू करायचं ठरलं आहे. तक्त्यातल्या कामाच्या ओळी साधारण अशा होतील:

| काय तपासायचं | सल्लागार | मालक |
|---|---|---|
| सळईचा व्यास, अंतर, जोड, कव्हर | मंजुरी | पूर्वसूचना |
| सेंट्रिंग, टेकू, लेव्हल, सफाई | मंजुरी | – |
| प्रत्येक गाडीचा स्लंप | पूर्वसूचना | – |
| क्यूब भरणे | पूर्वसूचना | पूर्वसूचना |
| टेकू काढणे | मंजुरी | पूर्वसूचना |

पहिली ओळ नीट पाहा. तोच टप्पा सल्लागारासाठी नाका आहे आणि मालकासाठी नुसती पूर्वसूचना. म्हणजे इंग्रजी तक्त्यातलं होल्डचं एच किंवा विटनेसचं डब्ल्यू हे अक्षर टप्प्याला चिकटलेलं नसतं, माणसाला चिकटलेलं असतं. म्हणून ‘हा होल्ड पॉइंट आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. ‘सल्लागाराच्या मंजुरीचा टप्पा’ हे पूर्ण. मालकाचा इंजिनिअर आला नाही म्हणून काम अडवून बसणारे, किंवा मालकाचा माणूस पाहून गेला म्हणून सल्लागाराची सही न घेताच गाडी बोलावणारे, दोघांचीही चूक या अर्धवट वाक्यातून होते.

सळईला मंजुरी आणि स्लंपला पूर्वसूचना, हे वाटप मनमानी नाही. जे एकदा झाकलं की पुन्हा दिसत नाही, तिथे नाका. जे दर गाडीला पुन्हा येतं आणि ज्याला वेळेचा काटा लागलेला असतो, तिथे पूर्वसूचना.

सळईचं पाहू. गुरुवारी सकाळी ११ ची तपासणी, करारात २४ तासांची मुदत असेल तर बुधवारी ११ च्या आत लेखी कळवलेलं. खालच्या जाळीखाली २० मिमीचे कव्हर ब्लॉक बरोबर आहेत. आता दोन बाजूंच्या पाट्यांवर, स्लॅबच्या वरच्या पातळीला दोरी ताणा आणि टेकाजवळच्या वरच्या सळईपर्यंत टेपने खाली मोजा. २० मिमी यायला हवं. समजा ४५ आलं. याचा अर्थ वरची जाळी उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या फार लांब लांब ठेवल्या होत्या आणि माणसं जाळीवरून चालल्यामुळे वरची सळई २५ मिमी खचली. १० मिमीची सळई असेल तर तिची परिणामी खोली १५० वजा २० वजा ५, म्हणजे १२५ मिमी हवी होती, ती १०० झाली. टेकावर उलटा वाक पेलण्याची ताकद जवळजवळ त्याच प्रमाणात, म्हणजे पाचव्या हिश्शाने कमी. उद्या काँक्रीट पडलं की हे कुणाच्याच डोळ्यांना दिसणार नाही. दिसेल ती वर्षभराने टेकावर वरच्या बाजूला पडलेली भेग. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात कव्हरला, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीला, १० मिमीपर्यंत जास्तीची सूट आहे, कमीची नाही. इथे तर जास्तीच २५ आहे. खुर्च्या जवळ घ्यायच्या, जाळी उचलून पुन्हा बांधायची, पुन्हा मोजायचं, मग सही. सल्लागार गुरुवारी आलेच नाहीत तर? शुक्रवारची ढलाई पुढे ढकलायची. त्रास होतो, पण मंजुरी या शब्दाचा अर्थ तोच आहे.

आता स्लंप, म्हणजे ओलं काँक्रीट किती नरम आहे त्याचं माप. पहिली गाडी प्लँटवरून ४:२० ला निघाली, साइटवर ५:१० ला आली. सल्लागारांना आदल्या दिवशी कळवलेलं आहे, ते आलेले नाहीत. ठरलेला स्लंप १०० मिमी, मोजला तो ११०. चालतो. नोंद केली, वहीत ‘सूचना दिली, अनुपस्थित’ असं लिहिलं, गाडी रिकामी करायला घेतली. हाच टप्पा कुणी ‘साक्षी’ समजून नाका केला, तर काय होतं पाहा. तयार काँक्रीट साधारणपणे दोन तासांत उतरवायचं असतं, म्हणजे या गाडीची मुदत ६:२० ला संपते. साहेब ९ ला येणार म्हणून ड्रम फिरत राहतो, मे महिन्यात स्लंप झपाट्याने घसरतो, आणि मग ‘जरा नरम कर रे’ म्हणून पाण्याचा पाइप आत जातो. स्लंप पुन्हा १०० भरतो, पण पाणी-सिमेंट प्रमाण गेलेलं असतं. साहेबांसमोर मोजलेला आकडा अगदी बरोबर, आणि काँक्रीट कमजोर.

पण विटनेसच्या मुभेचा गैरफायदाही घेतला जातो. साहेब आले नाहीत म्हणजे तपासणीच टळली, असं समजून कोरा फॉर्म भरून ठेवतात. सुटते ती फक्त समोरच्याची हजेरी. मोजणं आणि नोंद तुमच्यावरच राहतं. आणि ‘फोनवर सांगितलं होतं’ ही पूर्वसूचना नाही. कळवल्याची वेळ ज्यात दिसते तोच पुरावा, मग तो कागद असो वा ईमेल.

काँक्रीटची ताकद तपासायला भरतात त्या क्यूबबद्दल थोडक्यात. आयएस ४५६ प्रमाणे ३१ ते ५० घनमीटरला चार नमुने, म्हणजे २८ दिवसांसाठी बारा क्यूब. ७ दिवसांचे हवे असतील तर वेगळे भरायचे. नमुने वेगवेगळ्या गाड्यांतून घ्या, पहिल्या गाडीतूनच बारा भरून मोकळे होऊ नका.

होल्ड ‘रिलीज’ करण्यासाठी ‘मंजुरी दिली’ पुरे. ‘वेव्ह’ करण्यासाठी मात्र ‘सूट दिली’ असं वेगळं लिहा, आणि ही सूट फक्त लेखी चालेल असं तक्त्याच्या वरच नोंदवा. मंजुरी म्हणजे पाहून सोडणं, सूट म्हणजे न पाहता सोडणं. या दोन्हींना साइटवर ‘साहेबांनी ओके दिलं’ एवढंच म्हणतात, आणि नंतर भांडण लागतं. एच आणि डब्ल्यू ही अक्षरं तक्त्यात राहू द्या. करार इंग्रजीत असेल तर वाद झाल्यावर तीच पाहिली जातात.

एक ओळ तुमच्या प्रतीत आणखी तपासा, कारण ती शब्दानेच फसते. ‘सेंट्रिंग खोलणे’. आपल्याकडे या दोन शब्दांत प्लेटा काढणंही येतं आणि टेकू काढणंही. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आयएस ४५६ मध्ये स्लॅबखालच्या प्लेटा ३ दिवसांनी काढता येतात, पण टेकू लगेच परत लावायच्या अटीवर. टेकू मात्र ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४ दिवस. फ्लायअ‍ॅश किंवा स्लॅगचं सिमेंट असेल तर मुदत वाढते. तक्त्यात एकच ‘सेंट्रिंग खोलणे’ लिहून त्यावर मंजुरी घेतली, तर तिसऱ्या दिवशीच्या सहीवर टेकूही निघतात आणि खोलणारा ती सही दाखवतो. ‘प्लेटा काढणे, टेकू परत लावणे’ ही एक ओळ, ‘टेकू काढणे’ ही दुसरी, आणि दोन्हींसमोर मंजुरी.