गार्ड, राउंड आणि स्टिकी: तीनच बिट का पुरतात

प्रश्न: फ्लोटिंग पॉइंट वजाबाकीत लहान संख्या उजवीकडे सरकवली की कितीही बिट बाहेर पडू शकतात. मग गार्ड, राउंड आणि स्टिकी हे तीनच कसे पुरतात? छोटं उदाहरण मिळेल का?

उत्तर: राउंडिंगला बाहेर पडलेल्या बिटांची नेमकी किंमत लागत नाही. ती अर्ध्या घरापेक्षा कमी, बरोबर अर्धी की जास्त, एवढंच कळावं लागतं. गार्ड आणि राउंड ही पुढची दोन खरी घरं. त्यांच्याही खाली गेलेल्या सगळ्या बिटांचा OR म्हणजे स्टिकी. तिथे एक जरी १ असला, तरी स्टिकी १.

बिंदूनंतर चारच बिट ठेवणारा फॉरमॅट घेऊ आणि १६ मधून १.३१२५ वजा करू. दुसरी संख्या `1.0101` आहे. ती चार घरं सरकवली की `0.00010101` होते. गार्ड ०, राउंड १, आणि उरलेल्या `01` मुळे स्टिकी १.

```
  1.0000|000
- 0.0001|011
= 0.1110|101
  1.1101|01    (एक घर डावीकडे)
```

पुढचा १ गेल्यामुळे उत्तर एक घर डावीकडे सरकवावं लागलं. गार्ड थेट उत्तरात शिरला, आणि निर्णय राउंड व स्टिकीवर आला. `01` अर्ध्यापेक्षा कमी, म्हणून खालीच राहायचं: `1.1101`, म्हणजे १४.५. खरी वजाबाकी १४.६८७५ आहे आणि या फॉरमॅटमध्ये तिला १४.५ हेच सर्वात जवळचं.

आता स्टिकी काढून टाका. वजाबाकी `0.111011` येते, सरकवल्यावर `1.1101|1`. हे बरोबर अर्धं दिसतं, शेवटचा बिट विषम आहे, म्हणून सम बाजूला वर जाऊन उत्तर १५ होतं. चूक!

घातांकांत दोन किंवा जास्त फरक असेल, तर डावीकडे एकापेक्षा जास्त घर सरकावं लागतच नाही. फरक शून्य किंवा एक असेल, तर फार तर एक बिट बाहेर पडतो आणि तो गार्डमध्ये पूर्ण मावतो. तिथे हरवण्यासारखं काही नसतं.

हार्डवेअर लिहिताना एक जपा: स्टिकी वजाबाकीत भाग घेतो, त्याच्यासाठी हातचा घ्यावा लागतो. आधी छाटून वजा केलं आणि स्टिकी नंतर चिकटवला, तर वरच्या उदाहरणात `1.1101|11` दिसेल आणि पुन्हा १५ येईल.  चाचणीत असे आकडे मुद्दाम घ्यावेत. बेरजेसाठी पायथनमध्ये हे करून पाहा:

```python
1.0 + 2**-53 == 1.0              # True
1.0 + (2**-53 + 2**-105) > 1.0   # True
```

पहिली ओळ बरोबर अर्ध्याची आहे. दुसरीत फरक पाडतो तो फक्त खोलवरचा एकच बिट, आणि तो स्टिकीतूनच पोहोचतो.