मराठी टिपणांवरून इंग्रजी इन्व्हेस्टर अपडेट: आकडे कसे सांभाळावेत

प्रश्न: दादाची निपाणीत छोटी कंपनी आहे. तो महिन्याचा हिशेब डायरीत मराठीत लिहितो आणि गुंतवणूकदारांना इंग्रजीत अपडेट मी पाठवते. वाक्यं जमतात, पण आकडा चुकेल अशी धास्ती असते. काय करू?

उत्तर: डायरी समोर ठेवून थेट इंग्रजी लिहायला बसू नका. आधी टिपणातला प्रत्येक आकडा शीटमध्ये पूर्ण रुपयांत उतरवा आणि आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघा. जुळल्यावरच इंग्रजी वाक्याला हात लावा. मी बेळगावात छोट्या कारखान्यांचे हिशेब बघतो. आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा टिपण वाचतानाच, इंग्रजी लिहिताना नव्हे.

उद्यमबागेतल्या एका कंपनीचं उदाहरण देतो, आकडे थोडे बदलून. उसाच्या शेतातल्या मोटारी मोबाईलवरून चालू-बंद करणारे स्टार्टर ते बनवतात. मालकाची सप्टेंबरची नोंद अशी होती: "बिलं पावणेअठरा लाखांची, ऑगस्टच्या सव्वापट. आले साडेअकरा. येणं तेरा नव्वद. बँकेत साडेबावीस, महिन्याला साडेचार जातात, पाच महिने पुरतील."

पावणेअठरा म्हणजे १७,७५,०००. पण बिलांच्या रजिस्टरात बेरीज निघाली १७,७०,०००. माणूस बोलताना जवळच्या पावावर येतो, त्यात वावगं काही नाही; इंग्रजीत मात्र रजिस्टरचाच आकडा जायला हवा. आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. पावणेदोन म्हणताना आपण वरच्या आकड्याचं नाव घेतो, तर कन्नडात त्यालाच 'ओंदु मुक्कालु' म्हणतात, म्हणजे एक आणि पाऊण. टिपण मराठी माणसाचं आणि टायपिंग कन्नडभाषक मुलाचं असेल, तर पावणेदोनचे पावणेतीन लाख सहज होतात. म्हणून सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे यांतलं काहीही दिसलं की शेजारी लगेच सगळी शून्यं घालून आकडा लिहा. 'तेरा नव्वद' म्हणजे १३,९०,०००, हेही तसंच लिहून ठेवा.

आता विक्री. १७,७०,००० हा बिलांचा आकडा आहे, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. कर सरकारचा, कंपनीचा नव्हे. १७,७०,००० ला १.१८ ने भागलं की १५,००,००० येतात, आणि रेव्हेन्यू म्हणून तेवढेच लिहायचे. ऑगस्टचा आकडाही कर वजा करून घ्या. इथे तो १२,००,००० होता. 'सव्वापट' म्हणजे २५ टक्के वाढ. इंग्रजीत 'सव्वा पटीने वाढली' अशा धाटणीचं वाक्य घातलंत, तर वाचणारा १२५ टक्के वाढ समजू शकतो. त्यापेक्षा १२ लाखांवरून १५ लाख, २५ टक्के वाढ, असं दोन्ही आकड्यांसकट लिहा. मग शंकेला जागाच उरत नाही.

यानंतरची पडताळणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ऑगस्टअखेरचं येणं, अधिक या महिन्याची बिलं, वजा आलेले पैसे, म्हणजे सप्टेंबरअखेरचं येणं. येणं करासकट असतं, म्हणून इथे बिलांचा पूर्ण आकडा घ्यायचा. ऑगस्टअखेर येणं ६,२०,००० होतं.

```
=620000+1770000-1150000
```

उत्तर आलं १२,४०,०००. टिपणात तेरा नव्वद. फरक बरोबर दीड लाखाचा. अशा वेळी कुठलाही आकडा आपल्या मनाने 'दुरुस्त' करू नका, मालकाला फोन लावा. फोनवर कळलं की आलेल्या साडेअकरा लाखांत चिकोडीच्या एका डीलरने पुढच्या मालासाठी दिलेला दीड लाखाचा ॲडव्हान्स होता. तो जुन्या बिलांची वसुली नव्हे, या महिन्याची विक्रीही नव्हे. माल जाईपर्यंत ते कंपनीवरचं देणं आहे. म्हणजे बिलांपोटी आले १०,००,०००, येणं १३,९०,०००, आणि मालकाची नोंद बरोबर. भाषांतर करणाऱ्याने साडेअकरा लाख सरळ वसुली म्हणून लिहिले असते, तर प्रत्येक शब्द बरोबर असूनही अपडेट चुकीचा गेला असता.

त्या दीड लाखाचा परिणाम 'पाच महिने पुरतील' या वाक्यावरही होतो. बँकेत महिन्याच्या सुरुवातीला २७,००,००० होते, आले ११,५०,०००, गेले १६,००,०००, उरले २२,५०,०००. शिल्लक साडेचार लाखांनी घटली, म्हणून पाच महिने. पण ॲडव्हान्स दर महिन्याला येत नसेल, तर खरी घट सहा लाखांची धरावी लागते, आणि साडेबावीस लाख भागिले सहा लाख म्हणजे पावणेचार महिने. पाच आणि पावणेचार यांत गुंतवणूकदाराच्या निर्णयाचा फरक आहे. अशा वेळी दोन्ही आकडे, प्रत्येकाच्या आधारासकट लिहावेत असं माझं ठाम मत आहे. कोणता पुढे ठेवायचा ते तुमचे दादा ठरवतील, तुम्ही नाही. बँकेतल्या शिल्लकेत पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा जीएसटीही असतो, तेवढी एक ओळ घाला.

लाख की मिलियन, हे वाचणाऱ्यावर ठरतं. बंगळुरू-मुंबईच्या गुंतवणूकदारांना लाख आणि कोटी चालतात. परदेशातला कोणी असेल तर मिलियन: १० लाखांचा एक, कोटीचे दहा. एका अपडेटमध्ये एकच पद्धत ठेवा, स्वल्पविरामसुद्धा तिच्याप्रमाणे, म्हणजे `15,00,000` किंवा `1,500,000`. तिमाहीला नुसता क्रमांक न देता 'जुलै ते सप्टेंबर' असं लिहा, कारण आपलं आर्थिक वर्ष एप्रिलपासून मोजतात आणि परदेशात बरेच जण जानेवारीपासून.

शब्दांत एकाच ठिकाणी जपा. त्याच टिपणात पुढे होतं, "वसुली ढिली, डीलर म्हणतात उसाची बिलं निघाली की देतो." कानाला बरं वाटावं म्हणून याचं इंग्रजी 'तात्पुरता विलंब' असं करू नका. तात्पुरता आहे असं मालकाने म्हटलेलंच नाही. त्याऐवजी येणं किती जुनं आहे ते विचारा. इथे तेरा नव्वदपैकी सव्वाचार लाख ६० दिवसांपेक्षा जुने निघाले. तो आकडा, आणि डीलर सांगतात ते कारण त्यांच्याच नावावर, एवढं पुरे.

पाठवण्याआधी इंग्रजी मसुद्यातले आकडे फोनवर दादांना मराठीत वाचून दाखवा, पण पूर्ण: "पंधरा लाख", "तेरा लाख नव्वद हजार", आणि प्रत्येक आकडा कशाचा आहे तेही म्हणा. त्यांनी डायरीवर एकेक खूण करत जावी. डायरीत नसलेला आकडा, म्हणजे तुम्ही गणित करून काढलेला, आला की थांबून तो कसा काढला ते सांगा. त्यांचा होकार आल्याशिवाय तो मसुद्यात ठेवू नका.