शब्द सोपा केलास, आता वाक्य तपास

चौथीच्या मुलांसाठी तू सोपा केलेला उतारा वाचला. शब्द नेमके निवडलेस, पण वाक्यं बिघडली. ‘तो विशाल वृक्ष कोसळला’ याचं तू ‘तो मोठा झाड पडला’ केलंस. वृक्ष पुल्लिंगी, झाड नपुंसकलिंगी. म्हणून ‘ते मोठं झाड पडलं’ असं सगळं वाक्यच फिरवावं लागतं. मराठीत नाम बदललं की विशेषण, सर्वनाम, क्रियापद सगळ्यांकडे पाहायचं.

‘जल’च्या जागी ‘पाणी’ एकदम सगळीकडे बदलू नकोस. ‘जलद’चं ‘पाणीद’ होतं, तसं तुझ्या तिसऱ्या ओळीत झालंच आहे. एकेक जागा बघून बदल.

‘बाष्पीभवन’ मात्र काढू नकोस. तो धड्याचाच शब्द आहे, मुलांना पुढे परत लागणार. पहिल्यांदा येतो तिथे असं लिही: ‘उन्हाने पाण्याची वाफ होते, यालाच बाष्पीभवन म्हणतात.’ पुढे तोच शब्द वापर. मध्येच ‘वाफ होणं’, मध्येच ‘आटणं’ केलंस तर मुलांना त्या वेगळ्या गोष्टी वाटतात.

मग एखाद्या मुलाकडून उतारा मोठ्याने वाचून घे. तो अडखळला तिथे खूण कर, आणि अर्थ त्याच्या शब्दांत विचार. बऱ्याचदा नेमका सोपा शब्द तिथेच सापडतो.