चवथीनंतरचा सोमवार

प्रश्न: म्हापशात माझी लहानशी जिम आहे. मुदत संपल्यावर परत न आलेल्या मेंबरांना किती दिवसांनी मेसेज करावा आणि किती टक्के सूट द्यावी?

फोंड्यात मी नऊ वर्षं जिम चालवतोय. माझ्या अनुभवावरून सांगतो, दिवस मोजायचे ते शेवटच्या हजेरीपासून, मुदत संपल्याच्या तारखेपासून नव्हे.

समजा दोघांची मुदत ३१ ऑगस्टला संपली. पहिल्याने २८ ऑगस्टला मशीनवर बोट लावलंय. दुसऱ्याने जूनच्या सुरुवातीला तीन महिन्यांचे पैसे भरले आणि १९ जूननंतर त्याची नोंदच नाही. पहिला कुठेही गेलेला नाही, त्याचं फक्त पैसे भरायचं राहिलंय. तीन-चार दिवसांनी साधी आठवण करा, सूट अजिबात देऊ नका. दुसरा मात्र जूनमध्येच सुटलाय. त्याला सप्टेंबरात 'रिन्यू करा' म्हटलं की न वापरता गेलेले पैसे आठवतात आणि तो मेसेज न वाचता पुढे जातो. त्याला फोन करायची वेळ ३ जुलैच्या सुमाराची होती. दोन आठवडे दिसला नाही, की लगेच. तेव्हा त्याचे दोन महिने शिल्लक असतात, म्हणून ऑफरही लागत नाही. 'पाऊस आहे, तुझे उरलेले दिवस थांबवून ठेवतो, चवथीनंतर वापर' एवढं बोललं तरी पुरतं. माझा ट्रेनर कोंकणीतून 'खंय आसा रे तूं?' एवढंच विचारतो आणि समोरचा मोकळेपणाने बोलायला लागतो. दर सोमवारी सकाळी हजेरीची यादी काढून चौदा दिवस न आलेली नावं ट्रेनरच्या हातात द्या.

आता जे खरोखरच सुटलेत, त्यांचं. आपल्याकडे सगळ्यांचं कॅलेंडर एक नाही. नोकरदार आणि गृहिणी पावसात गळतात, मग चवथीची साफसफाई, माटोळी, पाहुणे. त्यांच्याशी चवथीच्या आधी बोलण्यात अर्थ नाही. घरचा गणपती दीड दिवसाने किंवा पाच दिवसांनी पोचवला, घर आवरून झालं, की त्यानंतरचा पहिला सोमवार मी धरतो. २०१४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात एका विद्यापीठाच्या जिमची हजेरी तपासली, तर आठवडा, महिना, वर्ष, सेमिस्टर यांच्या सुरुवातीला लोक जास्त येताना दिसले. आपल्याकडे चवथ सरली की तसंच नवं पान उलटतं.

हॉटेल आणि शॅकवाल्यांचं नेमकं उलटं. म्हापशाला कळंगूट-बागा जवळ, म्हणजे तुमच्याकडे असे मेंबर माझ्यापेक्षा जास्त असणार. ते ऑक्टोबरात सीझन सुरू झाला की गायब होतात. त्यांना जानेवारीत कितीही मेसेज करा, वेळच नसतो. शॅक उतरवले की जूनमध्ये त्यांचे हात मोकळे होतात. म्हणून मेंबरच्या नावापुढे 'हॉटेल' किंवा 'ऑफिस' एवढा एक शब्द आजच लिहून ठेवा.

सूट किती, हा पुढचा प्रश्न. तीन वर्षांपूर्वी मी चवथीनंतर सगळ्या जुन्या मेंबरांना सरसकट ४० टक्के सूट दिली होती. आठवड्याभरात रोज पहाटे येणारी एक शिक्षिका पावती घेऊन काउंटरवर आली. म्हणाली, "सर, मी एकही महिना चुकवला नाही, म्हणून मी पूर्ण भरायचे का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय परतलेल्यांपैकी बरेचजण पुढच्या वर्षी मुदत संपल्यावर मुद्दाम थांबले, कारण सूट येते हे त्यांना कळलं होतं.

तेव्हापासून पहिल्या मेसेजमध्ये ऑफर नसते, प्रश्न असतो. मजकूर असा: 'नमस्कार, बरेच दिवस दिसला नाहीत. येणं का थांबलं? १ वेळ जमत नाही, २ दुखापत किंवा तब्येत, ३ फी जड जाते, ४ दुसरीकडे जातो. नुसता आकडा पाठवला तरी चालेल.' उत्तर येईल तशी ऑफर ठरते. वेळ जमत नाही म्हणणाऱ्याला सूट देऊन काही होत नाही. कुंडईच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्यांसाठी मी महिन्याला बारा फेऱ्यांचा पास काढला, वाटेल तेव्हा या. दुखापतीवाल्याला डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर पहिले तीन दिवस ट्रेनर शेजारी उभा राहील हा शब्द देतो. परत आल्यावर सगळ्यांसमोर कमी वजन उचलायची लाज ही मोठी अडचण असते, ती यातून सुटते. फक्त तीन नंबरवाल्याला पैशांत सवलत, तीही पहिल्या महिन्यापुरती ५०० रुपये, पुढे नेहमीची फी. जुन्या मेंबरची प्रवेश फी मात्र सगळ्यांनाच माफ करतो. त्यावर रोज येणाऱ्यांची तक्रार येत नाही, कारण त्यांनी ती एकदाच भरलेली असते. चार नंबरवाल्याला आभार मानून सोडतो. उत्तरच नाही आलं तर दहा दिवसांनी एक फोन, आणि पुढच्या हंगामात एकदा मेसेज. तिथे थांबतो. ज्याने 'नको' म्हटलं त्याला परत काहीच पाठवत नाही, नाहीतर तो नंबर ब्लॉक करतो आणि मग फीची पावतीसुद्धा पोचत नाही.

शेवटचं, आणि हे मला फार उशिरा कळलं. आलेल्यांपैकी किती आपल्यामुळे आले, हे तपासा. गेल्या वर्षी माझ्या यादीत १६० नावं होती. गाव सोडून गेलेले आधीच काढून टाकले होते. दर पाचव्या नावाला काहीच पाठवलं नाही, म्हणजे ३२ जण बाजूला. उरलेल्या १२८ पैकी ४५ दिवसांत २७ परतले. बघताना छान वाटतं. पण ज्यांना काहीच पाठवलं नव्हतं त्या ३२ मधलेही ४ आपणहून आले, म्हणजे आठात एक. त्या हिशेबाने १२८ मधले १६ तसेही आले असते. माझ्या खटपटीने आले ते साधारण ११. सगळ्या २७ जणांना ५०० ची सूट दिली असती तर १३,५०० रुपये गेले असते, म्हणजे खऱ्या अर्थाने परत आणलेल्या एकेका मेंबरमागे बाराशेच्या वर. माझी महिन्याची फी १,५०० आहे, तेव्हा तो माणूस दुसऱ्या महिन्यात टिकला नाही तर हातात काहीच उरत नाही.

३२ हा आकडा लहान आहे, चारच्या जागी सहा आले असते तर निकाल बराच बदलला असता. म्हणून एका वर्षावर निर्णय घेऊ नका, दोन-तीन हंगामांचे आकडे एकत्र करून बघा. आणि परतलेल्यांची मोजणी पैसे भरले त्या दिवशी न करता साठ दिवसांनी करा, तीही हजेरीच्या मशीनवरून. माझ्या २७ पैकी साठाव्या दिवशी १५ येत होते, आणि त्यात बारा फेऱ्यांचा पास घेतलेले सर्वांत जास्त होते.